‘कशावरून?’ हा उद्धटपणा नव्हे

(समाजाच्या विद्यार्थी वसतिगृहात यंदा नव्याने प्रवेश घेतलेल्या मुलामुलींसमोर मी एक छोटे भाषण केले. काही पालकांनी ते वाचायला मिळावे अशी इच्छा व्यक्त केली, म्हणून या महिन्याच्या सदरात तेच थोडे नीटनेटके करून देत आहे.)



आपल्यापैकी बहुतेक जण व्यापारी घरांतून आला आहात. आपल्या घरांत मुलांना दोन गोष्टी लहानपणापासून शिकवल्या जातात. एक म्हणजे पैशाचा हिशेब पै-पैचा ठेवावा, आणि दुसरी म्हणजे मोठ्यांना उलट विचारू नये. या दोन शिकवणींची कधीतरी गाठ पडते आणि मग पंचाईत होते. आपल्याच वसतिगृहातील एका विद्यार्थ्याची अशी पंचाईत गेल्या दिवाळीच्या सुट्टीत झाली. तो आता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या अनुमतीने, पण नाव न घेता, ती हकीकत सांगतो.

त्याच्या मोठ्या काकांची बाजारपेठेच्या गावी आडत आहे. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक जोरात असते. मुलगा मदतीला म्हणून पेढीवर बसला. एका शेतकऱ्याचा माल आला, मुनीमजींनी नमुना यंत्रात टाकला, ओलावा १५ टक्के निघाला. पेढीचा नियम असा की ओलावा १० टक्क्यांपर्यंत असेल तर वजन पुरते धरायचे, आणि वरच्या प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागे एक किलो घट धरायची. म्हणजे या मालाला क्विंटलमागे पाच किलो घट. शेतकऱ्याचा चेहरा पडला. मुलाने तिथेच, गादीवर बसलेल्या काकांना विचारले, “काका, पाचच किलो कशावरून?” काका म्हणाले, “तीस वर्षे हाच नियम आहे. तू कॉलेजात जाऊन हेच शिकलास का?” संध्याकाळी घरी काकूंच्या कानांवर गेले, रात्री वडिलांचा फोन आला, आणि आपल्या या विद्यार्थ्याला उद्धटपणाबद्दल क्षमा मागावी लागली. सुट्टी संपवून परत आल्यावर त्याने मला विचारले, “सर, माझे नेमके काय चुकले?”

मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले, तरी मला लगेच उत्तर देता आले नाही. कारण त्याचे काहीतरी चुकले होते हे खरे, पण प्रश्न विचारणे ही चूक नव्हती.

आधी त्याच्या शब्दाकडे पाहू. आपल्या मराठीत ‘का?’ आणि ‘कशावरून?’ असे दोन वेगळे प्रश्न आहेत. ‘दूध का नासले?’ या प्रश्नात दूध नासले आहे हे दोघांनाही मान्य असते. विचारणाऱ्याला फक्त घटनेचे कारण हवे असते. ‘दूध नासले आहे हे कशावरून?’ या प्रश्नात मात्र आपण सांगणाऱ्याच्या ज्ञानाचा आधार मागतो. आपले जुने नैयायिक पहिल्याला कारक हेतू म्हणत आणि दुसऱ्याला ज्ञापक हेतू. अग्नी हा धुराचा कारक आहे, आणि धूर हा अग्नीचा ज्ञापक. घरात ‘का?’ हा प्रश्न सहसा खपतो, ‘कशावरून?’ विचारले की ऐकणाऱ्याला वाटते, माझ्यावर अविश्वास दाखवला. वास्तविक या प्रश्नात व्यक्तीबद्दल एक अक्षरही नसते. तो विधानाला विचारलेला असतो. पण तो व्यक्तीला लागतो हेही खरे आहे, आणि म्हणूनच तो विचारणाऱ्यावर काही जबाबदारी येते. तिच्याकडे मी शेवटी येतो.

आता काकांनी दिलेले उत्तर घ्या. तीस वर्षे हाच नियम आहे. हे कारण आहे का? इथे मी तुम्हांला पहिली कसोटी देतो. मिळालेल्या कारणाला असे विचारून पाहा: मूळ गोष्ट खोटी असती, तरीही हे कारण असेच्या असे उभे राहिले असते का? राहिले असते, तर त्या कारणाने काहीच सिद्ध झालेले नाही.

ही कसोटी माझी नव्हे. हेतू खरा केव्हा मानावा याबद्दल आपल्याकडे शतकानुशतके वाद झाला. बौद्ध आचार्यांनी हेतूची तीन लक्षणे सांगितली. जैन न्यायाने एकच लक्षण पुरेसे मानले: अन्यथानुपपत्ती, म्हणजे साध्यावाचून तो हेतू संभवूच नये. या वादात एक उदाहरण वारंवार येते. मैत्री नावाची स्त्री आहे, तिचे आजवरचे सर्व मुलगे सावळे आहेत, म्हणून तिच्या पोटातला मुलगाही सावळाच असणार, कारण तो मैत्रीचा मुलगा आहे. सगळे दाखले जुळतात, एकही उलट दाखला नाही, तरी हेतू खोटा. कारण मैत्रीचा मुलगा गोरा असण्याला कोणतीही अडचण नाही. याउलट दुसरे उदाहरण पाहा: कृत्तिका उगवल्या आहेत, म्हणून मुहूर्तभराने रोहिणी उगवेल. इथे हेतू एका जागी आणि साध्य दुसऱ्या जागी, दुसऱ्या वेळी; तरी तो पक्का, कारण आकाशात त्यांचा क्रम ठरलेला आहे.

‘तीस वर्षे चालत आले’ हे कारण मैत्रीच्या मुलांसारखे आहे. नियम बरोबर असता तरी तो तीस वर्षे चालला असता, आणि थोडा चुकीचा असता तरीही, कोणी तपासलाच नाही तर, तीस वर्षे चालला असता. मग नियम बरोबर की चूक? मी त्या विद्यार्थ्याला म्हटले, काकांना विचारण्याआधी स्वतः मोजून पाहा. आम्ही दोघांनी कागद घेतला. तुम्हीही मनात करून पाहा, कठीण नाही.

१०० किलो सोयाबीन, ओलावा १५ टक्के. म्हणजे त्यात १५ किलो पाणी आणि ८५ किलो सुका माल. हा माल वाळत वाळत १० टक्के ओलाव्यावर आला, तर त्याचे वजन किती भरेल? पटकन तोंडात येते ९५ किलो, कारण पाच टक्के पाणी गेले. पण थांबा. ९५ किलोत सुका माल तोच ८५ किलो आहे, म्हणजे पाणी अजून १० किलो आहे, आणि ९५ किलोत १० किलो पाणी म्हणजे साधारण साडेदहा टक्के. अजून १० टक्के झालेच नाहीत! सुका माल ८५ किलो हा जेव्हा एकूण वजनाच्या ९० टक्के होईल तेव्हाच ओलावा १० टक्के होईल. ८५ ला ०.९० ने भागा: ९४.४४ किलो. म्हणजे खरी घट ५.५६ किलो. वरचा प्रत्येक टक्का एक किलोचा नसून सुमारे १.११ किलोचा आहे, कारण ओलाव्याची टक्केवारी आधी १०० किलोंवर मोजलेली असते आणि नंतर वाळून कमी झालेल्या वजनावर मोजली जाते.

मुलगा कागदाकडे पाहतच राहिला. त्याची मनातून अशी खात्री होती की काका शेतकऱ्याचे वजन मारतात. हिशेब उलटा निघाला. पाच किलो घट धरून काका क्विंटलमागे अर्धा किलोहून थोडे अधिक स्वतःच सोसत होते. भाव क्विंटलला ४,५०० रुपये धरला तर ते सुमारे २५ रुपये होतात, आणि अशा शंभर क्विंटल ओल्या मालावर अडीच हजार.

पुढच्या सुट्टीत तो गेला, आणि या वेळी गिऱ्हाईक नसताना, दुपारच्या चहाला, मुनीमजींसमोर कागद ठेवला. मुनीमजी हसले. त्यांचे म्हणणे असे की हा फरक त्यांना अंदाजाने ठाऊक आहे. बराचसा माल ११-१२ टक्क्यांचा येतो. १२ टक्क्यांना खरी घट २.२२ किलो आणि धरलेली दोन, म्हणजे पाव किलोच्या आतला फरक. तेवढ्यासाठी भागाकार मांडत बसले तर शेतकऱ्याला हिशेब कळेनासा होतो, आणि न कळलेल्या हिशेबावर भांडण होते. टक्क्याला किलो हा हिशेब तो बोटांवर मोजू शकतो. पंधरा-सोळा टक्क्यांचा माल क्वचित येतो, तिथे पेढी थोडे सोसते.

हे कारण मात्र कारण आहे. ते पहिल्या कसोटीला लावून पाहा. बहुतेक माल पंधरा-सोळा टक्क्यांचा येत असता, तर हे कारण टिकले नसते. पेढीला तो नियम परवडलाच नसता. म्हणजे या कारणाचा जीव एका गोष्टीवर अवलंबून आहे आणि ती गोष्ट वह्यांत पाहून तपासता येते. मुलाने पाहिली. चालू हंगामातल्या हिशोबपट्ट्यांत तेरा टक्क्यांच्या वरचा माल खरोखरच थोडा होता. ज्या नियमाला काकांनी ‘तीस वर्षे’ एवढेच कारण दिले, त्याला खरे आणि चांगले कारण होते. ते काकांनी फक्त सांगितले नव्हते, कदाचित त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

इथे एक गोष्ट जाता जाता. कारण सांगता आले नाही म्हणजे माणूस चुकतो आहे, असे लगेच समजू नका. त्याच पेढीवरचे मुनीमजी सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून ओलावा सांगतात. कसा सांगतात ते त्यांना सांगता येत नाही. पण ते आधी बोलतात आणि मग यंत्र लावले जाते, म्हणून त्यांचा अंदाज किती वेळा बरोबर येतो हे कोणालाही पाहता येते. हाताच्या कसबाला शब्दांत कारण नसले तरी चालते, पडताळा मात्र हवा. आणि यंत्रही काही देव नव्हे. पोत्याच्या तोंडाशी उन्हाने वाळलेले दाणे आणि पोटातले दाणे यांचा ओलावा सारखा नसतो. नमुना नीट मिसळून तीन वेळा लावला आणि तिन्ही आकडे दूरदूर आले, तर त्यातल्या एकावर घट धरायला आधार नाही. त्या दिवशी शेतकऱ्याने ‘यंत्र बरोबर कशावरून?’ असे विचारले असते, तर तोही प्रश्न रास्तच होता.

दुसरी कसोटी अगदी थोडक्यात. तुम्हांला मिळालेले कारण उचलून दुसऱ्या जागी ठेवा, विशेषतः जिथे त्याचा चटका आपल्याला बसतो अशा जागी, आणि तिथेही ते मान्य होते का पाहा. काका हा माल पुढे एका तेलाच्या प्लांटला देतात. त्या प्लांटचा नियम असा की १० ते १२ टक्क्यांपर्यंत टक्क्याला एक किलो घट आणि १२ च्या वर टक्क्याला दीड किलो. १५ टक्क्यांच्या मालाला ती होते दोन अधिक साडेचार, म्हणजे साडेसहा किलो. शेतकऱ्याकडून पाच किलो घट धरून घेतलेला माल पुढे साडेसहा किलो घटीने द्यायचा, म्हणजे क्विंटलमागे दीड किलोची खोट. यावर काका दरवर्षी चिडतात. प्लांटचा माणूस काय सांगतो? “आमच्याकडे पहिल्यापासून असेच आहे.” मुलाने काकांना हळूच आठवण करून दिली की हे वाक्य आपणही म्हणतो. काका थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्यांना लेखी विचार.”

त्याने पेढीच्या कागदावर पत्र लिहिले. मला त्याचा मसुदा दाखवला, तो मला आवडला, कारण त्यात तक्रार नव्हती. त्यात लिहिले होते की १५ टक्क्यांवर पाण्याची खरी घट ५.५६ किलो येते, आपण साडेसहा धरता, वरच्या सुमारे ०.९४ किलोचा आधार कळावा. ओला माल वाळवण्याच्या इंधनाचा तो खर्च असेल तर तसे कळवावे, म्हणजे आम्हीही ओला माल घेताना तो धरू. या शेवटच्या वाक्यात तिसरी कसोटी आहे.

तिसरी कसोटी कारणाची नाही, विचारणाऱ्याची आहे. प्रश्न विचारण्यापूर्वी स्वतःला विचारा: कोणते उत्तर मिळाले तर माझे समाधान होईल? असे एकही उत्तर डोळ्यांपुढे येत नसेल, तर तो प्रश्न नव्हे, प्रश्नचिन्ह लावलेला आरोप आहे. गादीवर बसलेल्या काकांना त्या दिवशी जे लागले ते हेच. मुलाने मला प्रामाणिकपणे सांगितले की काकांनी काहीही उत्तर दिले असते तरी त्याला ते पटणार नव्हते. त्याचा निकाल आधीच झाला होता, आणि तोही शेतकऱ्यादेखत. उद्धटपणा होता तो तिथे होता. चहाच्या वेळी मुनीमजींना त्याने तोच प्रश्न विचारला, शब्दही जवळपास तेच, पण आता उत्तर ऐकायला त्याच्या मनात जागा होती.

या कसोटीवर उतरणारा सर्वांत सुंदर प्रसंग तुमच्यापैकी पुष्कळांनी पाठशाळेत ऐकलेला असेल, तो उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाचा. वाणिज्यग्रामचा आनंद हा मोठा धनिक गृहस्थ, ज्याचे चार कोटी सुवर्ण ठेवीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात होते असे सूत्र सांगते. आयुष्याच्या शेवटी त्याने संथारा घेतला असताना त्याला अवधिज्ञान झाले. गौतमस्वामी गोचरीहून परतताना त्याच्याकडे आले. आनंदाने आपल्याला किती दूरवरचे दिसते ते सांगितले. गौतम म्हणाले, गृहस्थाला अवधिज्ञान होऊ शकते, पण इतके विस्तृत नव्हे; तू या बोलण्याचे प्रायश्चित्त घे.

आता पाहा, आनंदाने काय केले. समोर प्रथम गणधर आहेत, आणि आपण अंथरुणावरून उठूही न शकणारा श्रावक. तो गप्प राहिला नाही आणि ‘आपण चुकता’ असेही म्हणाला नाही. त्याने विनयाने विचारले की जिनशासनात खऱ्या बोलण्याला प्रायश्चित्त असते का? गौतम म्हणाले, नसते. मग आनंद म्हणाला, तसे असेल तर प्रायश्चित्त आपणच घ्यायला हवे. त्याने वाद अशा एका गोष्टीवर आणून ठेवला जी दोघांनाही मान्य होती. उरला फक्त एकच प्रश्न, माझे सांगणे खरे की नाही, आणि त्याचा निर्णय दुसरीकडे होऊ शकत होता. त्यात आनंद स्वतःही खोटा ठरू शकला असता.

मला याहून अधिक विलक्षण वाटते ते गौतमस्वामींचे वागणे. त्यांच्या मनात शंका आली. ती घेऊन ते भगवान महावीरांकडे गेले आणि विचारले, प्रायश्चित्त कोणी घ्यावे, आनंदाने की मी? हा प्रश्न विचारताना दोन्ही उत्तरांना जागा होती. उत्तर त्यांच्या विरुद्ध आले, आणि ते परत जाऊन एका गृहस्थाची क्षमा मागून आले. भगवती सूत्राचा फार मोठा भाग याच गौतमांच्या प्रश्नांनी भरलेला आहे; एखादे विधान ऐकले की ते पुन्हा विचारतात, असे कोणत्या कारणाने म्हटले? विचारण्याची ज्याला इतकी सवय, त्याला कोणी विचारले तर ते झोंबत नाही, असे मला तरी दिसते.

प्रत्येक वेळी विचारत सुटा असे मी म्हणत नाही. गोदामात थप्पी कोसळते आहे आणि हमाल ‘मागे हो’ म्हणून ओरडला, तर आधी मागे व्हा; कशावरून ते नंतर विचारता येईल. चारचौघांत विचारायचे की एकांतात, हेही पाहावे लागते; मोठ्या माणसाला विचार करायला वेळ मिळाला तर तो कारण शोधतो, आणि गिऱ्हाइकासमोर अडवले तर पत शोधतो. कॉलेजात मात्र वर्गातच विचारा. तिथल्या शिक्षकाचे ते कामच आहे, आणि त्यांनी ‘परीक्षेला येते म्हणून’ असे उत्तर दिले, तर ते पहिल्या कसोटीला लावून पाहा.

त्या पेढीचे पुढे काय झाले हे तुम्हांला जाणून घ्यायचे असेल. शेतकऱ्यांसाठीचा नियम काकांनी तोच ठेवला आहे, टक्क्याला एक किलो. पण नमुना आता शेतकऱ्यासमोर मिसळून तीन वेळा लावतात आणि तिन्ही आकडे हिशोबपट्टीवर लिहितात. हे काकांनी स्वतः सुरू केले, पुतण्याने सुचवलेले नव्हते. प्लांटकडून पत्राचे उत्तर अजून आलेले नाही. हंगाम सुरू होण्याआधी काका पुतण्याला बरोबर घेऊन तिथे जाणार आहेत, आणि बोलायचे कोणी हे त्यांनी अजून ठरवलेले नाही.